स्थापनेचे साल आणि मालकीचा हिस्सा : एका प्रश्नोत्तरीची प्रस्तावना

पुढील पृष्ठांत जी प्रश्नोत्तरी दिली आहे तिचा मूळ प्रश्न एका वाक्यात मावणारा आहे. एखादी कंपनी केव्हा स्थापन झाली आणि ती कोणाच्या मालकीची आहे, या दोन गोष्टींपुरता आंतरजालावरील ज्ञानकोशाचा सारांश विश्वासार्ह मानावा काय? हा प्रश्न वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पडतो, वृत्तपत्राच्या उपसंपादकाला पडतो, कर्जाचे प्रकरण तयार करणाऱ्या बँकेतील अधिकाऱ्याला पडतो आणि आपल्या शिलकीतून थोडे समभाग विकत घेऊ पाहणाऱ्या सामान्य गृहस्थालाही पडतो. त्याचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. तो सारांश शोधाचा आरंभ म्हणून स्वीकारावा, दाखला म्हणून स्वीकारू नये. या उत्तराचे कारण ज्ञानकोश लिहिणाऱ्यांच्या हलगर्जीपणात काही अंशी असेलही. परंतु त्याहून मोठे कारण असे की, ‘स्थापना’ आणि ‘मालकी’ या ज्या दोन गोष्टी आपण प्रत्येकी एकेका आकड्यात बसवू पाहतो, त्या मुळातच एकेका आकड्यात बसणाऱ्या नाहीत. सारांशाच्या बाजूला जी चौकट असते तिच्यात मात्र प्रत्येक गोष्टीला एकच रकाना असतो, आणि तो रकाना भरणाऱ्याला अनेक खऱ्या उत्तरांतून एक निवडावेच लागते.

हे विधान हवेत राहू नये यासाठी एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत तपासणे मला अधिक योग्य वाटते. ज्या कंपनीचा साबण, चहा आणि दंतमंजन भारतातील बहुतेक घरांत पोहोचलेले आहे आणि जिचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आहे, त्या हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीचे हे उदाहरण आहे. तिचा इतिहास पुरेसा गुंतागुंतीचा आहे आणि तिची कागदपत्रे कोणालाही पाहता येण्याजोगी आहेत. या दोन गोष्टी एकत्र सापडणे अभ्यासाच्या दृष्टीने मोठे सोयीचे असते.

ही कंपनी केव्हा स्थापन झाली असे विचारले, तर निदान पाच साले उत्तरादाखल पुढे येतात, आणि त्यांपैकी एकही निखालस खोटे नाही. १८८८ साली लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. या देशातील व्यवहाराचा आरंभ तेथून धरला जातो. १९३१ साली युनिलिव्हरने आपली भारतातील पहिली दुय्यम कंपनी, हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नावाने काढली. १९३३ च्या ऑक्टोबरात लिव्हर ब्रदर्स इंडिया लिमिटेड ही दुसरी कंपनी नोंदली गेली, आणि १९३५ साली युनायटेड ट्रेडर्स लिमिटेड ही तिसरी. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात या तिन्ही कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान लिव्हर लिमिटेड हे नाव अस्तित्वात आले, आणि २००७ साली त्या नावाचे हिंदुस्थान युनिलिव्हर लिमिटेड झाले. ज्ञानकोशांच्या सारांशांत १९३१ आणि १९३३ ही दोन्ही साले आढळतात, आणि एकाच लेखाच्या मजकुरात एक आणि चौकटीत दुसरे असेही घडते. स्वतः कंपनीने आपला जो इतिहास प्रसिद्ध केला आहे त्याचा सूर असा की, १९३१, १९३३ आणि १९३५ च्या तीन कंपन्या मिळून १९५६ साली आजची कंपनी घडली. तेव्हा घाईत असलेला एक लेखक त्याच मजकुरावरून १९३१ लिहील आणि दुसरा १९५६ लिहील, आणि दोघेही आपण कंपनीच्याच शब्दांचा आधार घेतला असे प्रामाणिकपणे सांगू शकतील.

मग निर्णय कशावरून करावयाचा? कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आहे, आणि तिचा जन्म कंपनी निबंधकाच्या दफ्तरात नोंद होऊन जो दाखला मिळतो त्या दाखल्यावरील तारखेला होतो. हिंदुस्थानातील प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो तिच्या पत्रांवर, बिलांवर आणि सूचनापत्रांवर छापण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. या कंपनीचा क्रमांक L15140MH1933PLC002030 असा आहे. तो डावीकडून वाचावा. पहिले अक्षर L हे कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदलेले आहेत एवढे सांगते. नोंदलेले नसते तर तेथे U आला असता. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार दाखवितात, आणि येथे ते वनस्पतिजन्य व प्राणिजन्य तेले व चरबी यांच्या वर्गाचे आहेत. साबण आणि वनस्पती तूप यांपासून निघालेल्या कंपनीची ती खूण आजच्या विस्तारलेल्या व्यापातही त्या क्रमांकात टिकून राहिली आहे. MH म्हणजे महाराष्ट्र. त्यानंतरचे चार अंक नोंदणीच्या सालाचे, PLC ही अक्षरे सार्वजनिक मर्यादित कंपनीची, आणि अखेरचे सहा अंक निबंधकाच्या कार्यालयातील अनुक्रमाचे.

येथे साल १९३३ आहे. याचा अर्थ असा की, १९५६ साली एकत्रीकरण झाले तेव्हा तीन कंपन्या मोडून चौथी नवी कंपनी जन्मास घातली गेली नाही. लिव्हर ब्रदर्स इंडिया हीच कायम राहिली, इतर दोघींची मालमत्ता व देणी तिच्यात सामावली, आणि तिने नवे नाव धारण केले. नाव बदलले तरी नोंदणीची तारीख बदलत नाही, हा नियम ज्याला ठाऊक आहे त्याला १९३१, १९५६ आणि २००७ ही तिन्ही साले ‘स्थापनेचे साल’ या रकान्यातून बाजूला काढता येतात, आणि त्यांचे महत्त्व मात्र कमी करावे लागत नाही. १९३१ हे युनिलिव्हरच्या भारतातील पहिल्या कंपनीचे साल आहे, १९५६ हे एकत्रीकरणाचे आणि २००७ हे नामांतराचे. ज्ञानकोशाच्या सारांशाचा दोष असा की, तो या चार भिन्न घटनांना एकाच क्रियापदाखाली आणतो आणि वाचकाला त्यांतील भेद दिसेनासा करतो.

परंतु नोंदणी क्रमांकालाही आपल्या मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे म्हणजे एका आंधळ्या विश्वासाच्या जागी दुसरा आणून बसविणे होईल. १९३३ साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते; तेव्हा MH ही अक्षरे असलेला हा क्रमांक १९३३ चा नसून पुष्कळ नंतर जुन्या नोंदीवरून रचलेला आहे, हे उघड आहे. कंपनीने आपले नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात नेले तर त्यातील राज्याची अक्षरे बदलतात. उद्योगाचे अंक कंपनीच्या आजच्या धंद्याशी जुळतीलच असा भरवसा नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चाललेली एखादी पेढी जेव्हा कंपनीचे रूप घेते, तेव्हा क्रमांकात पडणारे साल त्या रूपांतराचे असते, दुकान उघडल्याचे नसते. अशा वेळी ज्ञानकोशातील जुने साल हे धंद्याच्या आरंभाचे म्हणून खरे असू शकते आणि निबंधकाच्या दफ्तरातील नवे साल हे कंपनीच्या जन्माचे म्हणून खरे असते. त्या दोहोंत विरोध नाही, फक्त कोणते साल कोणत्या गोष्टीचे हे सांगितलेले नसते. सनलाइटच्या पेट्यांची हकीकत कोणत्याही निबंधकाच्या दफ्तरात मिळणार नाही. ती ज्ञानकोशात मिळते, आणि अशा पूर्वेतिहासासाठी त्याच्याकडे वळावे हे मी आग्रहाने सांगेन.

आता मालकी. येथे सारांश अधिक धोक्याचा ठरतो, कारण स्थापनेची तारीख एकदा ठरली की ठरली. मालकी मात्र रोज बदलू शकणारी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयीचे कोणतेही विधान तारखेवाचून अपुरे असते. ‘युनिलिव्हरच्या मालकीची’ हे शब्द या कंपनीबाबत दीर्घकाळ खरे आहेत, पण त्यांच्या आतील आकडा सतत हललेला आहे. १९५६ साली कंपनीने आपल्या भागभांडवलाचा १० टक्के हिस्सा भारतीय जनतेला देऊ केला. परकीय चलनाच्या नियमनाचा कायदा कडक झाल्यावर युनिलिव्हरचा हिस्सा ऐंशीच्या दशकात ५१ टक्क्यांपर्यंत खाली आला. २०१३ साली युनिलिव्हरने दर समभागास ६०० रुपये देऊन भागधारकांकडून समभाग खरेदी करण्याचा खुला प्रस्ताव मांडला, आणि साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास असलेला हिस्सा सदुसष्ट टक्क्यांवर गेला. २०२० च्या एप्रिलात ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली आणि तो हिस्सा ६१.९ टक्क्यांवर उतरला.

या शेवटच्या घटनेजवळ थोडे थांबणे अगत्याचे आहे. युनिलिव्हरने त्या वेळी एकही समभाग विकला नव्हता. विलीनीकरणाच्या योजनेप्रमाणे त्या दुसऱ्या कंपनीच्या प्रत्येक समभागामागे हिंदुस्थान युनिलिव्हरचे ४.३९ समभाग तिच्या भागधारकांना देण्यात आले. त्यामुळे एकंदर समभाग सुमारे दोनशे साडेसोळा कोटींवरून जवळजवळ दोनशे पस्तीस कोटींवर गेले, आणि युनिलिव्हरच्या पदरी असलेले सुमारे एकशे साडेपंचेचाळीस कोटी समभाग तेवढेच राहूनही त्यांचे प्रमाण घटले. जो लेखक केवळ दोन आकडे पाहून ‘युनिलिव्हरने आपला हिस्सा कमी केला’ असे लिहितो, तो दोन्ही आकडे बरोबर देऊनही चुकीची हकीकत सांगतो. हा प्रकार आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सर्वांना परिचित आहे. सातबाऱ्यावर आजचे नाव आणि क्षेत्र दिसते, पण ते तसे का झाले हे फेरफाराची नोंद वाचल्याखेरीज कळत नाही. कंपनीच्या बाबतीत तो फेरफार म्हणजे न्यायाधिकरणाने मंजूर केलेली विलीनीकरणाची योजना किंवा खुल्या प्रस्तावाचे पत्र होय.

वर दिलेल्या आकड्यांचा एक उपयोग वाचकाने ध्यानात ठेवावा. एखाद्या पृष्ठावर युनिलिव्हरचा हिस्सा ५२ टक्के दिलेला असेल, तर ते वाक्य २०१३ पूर्वीच्या माहितीवर लिहिलेले आहे. ६७ टक्के असेल, तर २०१३ ते २०२० या काळातील. आणि ज्या वाक्यात युनिलिव्हर ही रॉटरडॅम व लंडन अशा दोन मुख्य कंपन्यांची जोडसंस्था म्हणून वर्णिलेली असेल, ते २०२० च्या नोव्हेंबरापूर्वीचे आहे, कारण त्या महिन्यात ती दुहेरी रचना संपून लंडनची एकच कंपनी शिरोभागी उरली. म्हणजे लेखावर तारीख नसली तरी त्यातील आकडा स्वतःचे वय सांगतो. मराठी ज्ञानकोशीय पृष्ठांच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते, कारण त्यांतील अनेक लेख एकदा इंग्रजीवरून उतरविले जातात आणि पुढे इंग्रजी लेख बदलत गेला तरी मराठी लेख अनुवादाच्या दिवसावरच थांबून राहतो.

‘मग मूळ कागद पाहिला की संपले ना?’ असा प्रश्न येथे कोणी करील. संपत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तिमाही संपल्यापासून एकवीस दिवसांच्या आत आपल्या भागधारणेचे पत्रक बाजाराकडे रुजू करावे लागते, आणि ते बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. हिंदुस्थान युनिलिव्हरचे पत्रक उघडून प्रवर्तकांच्या तक्त्यातील युनिलिव्हर पीएलसी हे नाव पाहावे. तेथे हिस्सा ४७.४३ टक्के दिसतो. तेवढेच वाचून जो उठेल तो असा समज करून घेईल की, युनिलिव्हरकडे निम्म्याहून कमी हिस्सा आहे आणि ज्ञानकोशातील ६१.९ हा आकडा चुकीचा आहे. वास्तविक त्याच तक्त्यात युनिलिव्हर समूहातील आणखी सहा कंपन्यांची नावे आहेत, त्यांतील दोन नावांत दक्षिण भारत आणि आसाम येथील मळ्यांचा उल्लेख आहे, आणि त्या सहांचे मिळून होणारे साडेचौदा टक्के मिळविल्यावर बेरीज ६१.९ वर येते. या ठिकाणी सारांश बरोबर असतो आणि कागदाचा उतावळा वाचक चुकतो. म्हणून पत्रक पाहताना एका नावापुढचा आकडा न घेता प्रवर्तक व प्रवर्तक समूह या शीर्षकाखालची एकूण बेरीज घ्यावी, आणि ती कोणत्या तिमाहीच्या अखेरची आहे ते तिच्याशेजारी लिहून ठेवावे.

‘मालकी’ हा शब्दही येथे जपून वापरावयास हवा. निम्म्याहून अधिक मते हाती असली म्हणजे साधारण ठराव संमत होतात आणि संचालकांची नेमणूक हाती येते. परंतु कंपनीचे नियम बदलण्यासारख्या विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांश मते लागतात. ५२, ६७ आणि ६१.९ हे तिन्ही आकडे त्या मर्यादेच्या खाली आहेत. तेव्हा नियंत्रण युनिलिव्हरचे आहे हे खरे असले, तरी सर्व भागधारकांनी मतदान केले तर तिला एकटीच्या बळावर विशेष ठराव संमत करून घेता येणार नाही. सारांशातील ‘मूळ कंपनी’ या रकान्यातून हा भेद कधीही कळत नाही, आणि ज्याने त्या उरलेल्या अडतीस टक्क्यांत आपली पुंजी घातली आहे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद तोच आहे.

आता ज्ञानकोशाच्या घडणीविषयी, कारण त्याचा वापर सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव असते. चूक आढळली तर ती कोणाची हे ठाऊक असते. विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशात तसे एक नाव नसते, परंतु त्याच्या जागी दोन साधने असतात आणि त्यांचा उपयोग फार थोडे वाचक करतात. पहिले साधन तळटीप. सालापुढे असलेल्या अंकावर टिचकी मारून तो आधार प्रत्यक्ष उघडावा, आणि त्यात ते साल खरोखर आहे काय, असल्यास कोणत्या घटनेचे म्हणून आहे, हे वाचावे. पुष्कळदा आधार उघडतच नाही. पुष्कळदा तो कंपनीच्याच परिचयपत्राकडे नेतो, आणि आपण किती जुने हे सांगताना कोणतीही कंपनी तटस्थ नसते. दुसरे साधन पृष्ठाचा इतिहास. लेखात कोणता बदल कोणत्या दिवशी झाला याची संपूर्ण नोंद तेथे असते. समजा, सालाला आधार म्हणून एखाद्या वृत्तपत्रातील लेख दिला आहे. मग त्या लेखाची तारीख पाहावी, आणि ज्ञानकोशात ते साल प्रथम केव्हा आले हे इतिहासात शोधावे. साल ज्ञानकोशात आधी आणि वृत्तपत्रात नंतर आले असेल, तर वार्ताहराने ते ज्ञानकोशातूनच उचलले असण्याचा संभव मोठा आहे, आणि मग तो आधार आधार राहत नाही. एकच विधान दोन ठिकाणी फिरून स्वतःलाच साक्ष देऊ लागते. हा दोष पसरला म्हणजे दहा ठिकाणी तेच साल सापडते आणि वाचकाचा विश्वास नेमका चुकीच्या ठिकाणी दृढ होतो.

हितसंबंधी संपादनाविषयी एवढेच सांगतो की, मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे असा विकिमीडियाचा नियम २०१४ पासून आहे. तो पाळला जातो की नाही याची चर्चा लेखाच्या चर्चापृष्ठावर पुष्कळदा सापडते, म्हणून ते पृष्ठही उघडून पाहावे.

याउलट निबंधकाकडे अथवा बाजाराकडे जे पत्रक जाते त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असते, आणि निबंधकाकडे रुजू केलेल्या कागदात जाणूनबुजून खोटे विधान केल्यास कंपनी कायद्याच्या ४४८ व्या कलमान्वये तो शिक्षेस पात्र ठरतो. माझा विश्वास या फरकावर आधारलेला आहे. ज्ञानकोशाचा संपादक अधिक विद्वान असू शकतो, अधिक निःस्वार्थी असू शकतो; पण चुकीच्या आकड्याबद्दल त्याला जाब विचारणारे कोणतेही कार्यालय नाही.

जी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही तिच्याबाबत काम अधिक कष्टाचे होते. तिचे तिमाही पत्रक नसते. निबंधकाकडे दरवर्षी जाणाऱ्या वार्षिक विवरणात भागधारकांची माहिती असते आणि अल्प शुल्क भरून ती पाहता येते, परंतु ती मागील आर्थिक वर्षाच्या अखेरची असते. शिवाय भागधारक म्हणून दुसऱ्याच एखाद्या कंपनीचे नाव आढळले, तर तिचेही विवरण काढावे लागते, आणि अशा दोन-तीन पायऱ्या चढल्यावरच एखाद्या माणसाचे नाव हाती येते. ज्ञानकोश अशा कंपनीपुढे संस्थापकाचे नाव मालक म्हणून सहज लिहितो. संस्थापकाने आपला हिस्सा केव्हाच विकून टाकलेला असू शकतो, ही शक्यता वाचकाने प्रत्येक वेळी तपासावी.

भागीदारी पेढ्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली पेढीची नोंदणी ऐच्छिक आहे, म्हणून अनेक जुन्या पेढ्यांचे स्थापनेचे साल कोणत्याही सरकारी दफ्तरात मिळत नाही आणि पाटीवरील सालच ज्ञानकोशात उतरते. तेथे जुनी बिले, परवाने, त्या काळच्या नियतकालिकांतील जाहिराती आणि नगरपालिकेच्या कराच्या पावत्या एवढीच साधने उरतात, आणि त्यांपैकी ज्या सर्वांत जुन्या कागदावर पेढीचे नाव आढळेल, त्याच्या तारखेस ती पेढी अस्तित्वात होती एवढेच म्हणता येते. प्रश्नोत्तरीचा तिसरा भाग या पेढ्यांना वाहिलेला आहे. पहिल्या दोन भागांत नोंदलेल्या व न नोंदलेल्या कंपन्यांचा विचार असून, प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या तारखेच्या कागदावरून दिले आहे हे त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.